बायोप्सीचा रिपोर्ट आधी कोणाला कळला?

रविवारची दुपार. मुलीला भूगोलाच्या प्रकल्पासाठी नकाशे छापायचे होते. तिनं बाबांचा लॅपटॉप उघडला, प्रिंटर काही जोडला जाईना, म्हणून आईला हाक मारली. आई येऊन बसली, तर एका टॅबमध्ये नवऱ्याचं व्हॉट्सअ‍ॅप उघडंच होतं. सगळ्यात वर पिन करून ठेवलेलं नाव त्याच्या दहावीच्या वर्गातल्या मैत्रिणीचं. त्या वर्गाचं पंचवीस वर्षांनंतरचं स्नेहसंमेलन साताऱ्यात झालं होतं. फोटो हिनंही कौतुकानं पाहिले होते.

वाचू नये असं वाटूनही तिनं वाचलं. त्यात तसलं काहीच नव्हतं. ‘उठलास का?’, ‘डब्यात काय आज?’, पावसाचा एखादा फोटो, विज्ञानाच्या सरांची नक्कल, मग ‘झोप आता’. असे आठ महिने, रोज. वर सरकत सरकत ती मार्चपर्यंत गेली आणि तिथं थांबली. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नवऱ्यानं लिहिलं होतं, ‘बाबांचा रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. घरी अजून सांगितलं नाही. तुला सांगावंसं वाटलं.’

ती संध्याकाळ तिला लख्ख आठवत होती. तो घरी आला तेव्हा तिनंच विचारलं होतं, ‘चेहरा का उतरलाय रे?’ आणि तो म्हणाला होता, ‘काही नाही, गाडीला गर्दी होती.’ तिला रिपोर्ट कळला रात्री साडेनऊला, जेवणं उरकल्यावर.

हे डोंबिवलीचं जोडपं मी उदाहरणासाठी रचलेलं आहे. त्याच्यावर जे गुदरतं ते मात्र अजिबात दुर्मीळ नाही. शाळेचे ग्रुप, ऑफिसातला रोजचा डबा, सोसायटीच्या कमिटीची कामं अशा साध्या जागांतून ही नाती वाढतात. त्या रात्री नवरा जे वाक्य बोलला तेही अशा बहुतेक घरांत बोललं जातं: ‘अगं, आमच्यात तसलं काही झालेलं नाही.’

वाक्य खरं होतं, पण ते ऐकून तिला आणखीच एकटं वाटलं. आपल्याला लागलंय काय, हे सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता. मराठीत लफडं आहे, भानगड आहे, बाहेरख्यालीपणा आहे, आणि या सगळ्यांच्या पोटात शरीर आहे. कायद्याचंही तेच. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात घटस्फोटासाठी व्यभिचाराचं कारण दिलं आहे, ते जोडीदाराखेरीज इतर कोणाशी स्वेच्छेनं ठेवलेल्या शरीरसंबंधाचं. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं दंडसंहितेचं 497 वं कलम सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली रद्द केलं, तेही शरीरसंबंधांबद्दलच होतं. फार तर मानसिक क्रौर्य म्हणून वकील काही मांडू शकेल. तिच्या आईनं फोनवर हा सगळा कायदा एका ओळीत सांगितला: ‘भेटले नाहीत, काही नाही, मग सोडून दे ना!’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास यांनी आयुष्यभर याच प्रकारच्या नात्यांचा अभ्यास केला. ‘नॉट जस्ट फ्रेंड्स’ हे त्यांचं पुस्तक 2003 साली आलं. त्यांनी वापरलेली भिंत आणि खिडकीची उपमा आजही समुपदेशकांच्या कामी येते. संसारात नवराबायकोमध्ये खिडकी असते आणि बाहेरच्या जगाकडे भिंत. बाहेरच्या एखाद्या मैत्रीत हळूहळू खिडकी पडते, घरातलं तिकडून दिसू लागतं, आणि ती खिडकी लपवण्यासाठी घरात, नवराबायकोच्या मधोमध, भिंत उभी राहते. साधी मैत्री आणि हे प्रकरण यांतला फरक ग्लास तीन गोष्टींवरून ओळखत: जोडीदारापेक्षा तिथं जास्त मोकळेपणा, त्याबद्दलची लपवाछपवी, आणि स्पर्श झाला नसला तरी असलेली ओढ. आपल्या उदाहरणात बायकोला लागलं ते मैत्रिणीचं अस्तित्व नव्हतं. तिच्या घरातल्या आजाराची बातमी सव्वापाच तास दुसऱ्याच घरात होती, ते लागलं. म्हणून ‘काही झालं नाही’ हे उत्तर चुकीच्या प्रश्नाचं आहे. ते जितक्यांदा दिलं जाईल तितका काळ दुरुस्ती सुरूच होत नाही.

त्या रात्री नवऱ्यानं आणखी एक गोष्ट केली, आणि ती त्याला सर्वांत महाग पडली. ती झोपल्यावर त्यानं सगळं चॅट पुसून टाकलं. त्याच्या मते हा चांगुलपणाच होता: विषय संपला, आता तिला पुन्हा वाचून त्रास नको. सकाळी तिनं पाहिलं तर नाव होतं, खाली कोरं. आदल्या दिवशी तिनं आठ महिन्यांतलं फार तर महिन्याभराचं वाचलं असेल. उरलेलं आता तिला कोणीच दाखवू शकणार नव्हतं, आणि रात्री दोन वाजता जाग आल्यावर ते सात महिने ती स्वतःच लिहू लागली. माणूस मनानं जे लिहितो ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. पुसलेल्या चॅटमध्ये बहुधा डबे आणि पाऊसच होता, पण आता ते सिद्ध करायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

याच्याच जवळचा दुसरा घात म्हणजे सत्य हप्त्याहप्त्यानं देणं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, फक्त मेसेज. चार दिवसांनी तिनं फोनचं बिल काढलं तेव्हा म्हणाला, हो, कधीमधी फोनही व्हायचे. तीन आठवड्यांनी कबूल झालं की एकदा ठाण्याला दोघांनी कॉफी घेतली होती, तासभर, बस्स. प्रत्येक हप्ता लहान होता. पण प्रत्येक हप्त्याला तिचं घड्याळ शून्यावर गेलं, कारण आधीच्या खेपेलाही त्यानं ‘आता सगळं सांगितलं’ असंच म्हटलं होतं. कॉफीचा तास ती पचवू शकली असती. तीन आठवड्यांचं ‘बस्स एवढंच’ तिला पचेना.

समुपदेशकाकडे गेल्यावर सुरुवात इथूनच झाली. नवऱ्याला कागदावर कालक्रम लिहायला सांगितला गेला: कधी सुरू झालं, कोणत्या महिन्यात रोजचं झालं, किती वेळा भेटलात, घरातल्या कोणत्या गोष्टी तिकडे सांगितल्या, कधी आणि कोणतं खोटं बोललात. तिलाही तिचे प्रश्न लिहून आणायला सांगितलं. यात एक निवड करावी लागते. बेल्जियममध्ये जन्मलेल्या, न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या एस्थर पेरेल या समुपदेशक प्रश्नांचे दोन प्रकार करतात. एक गुप्तहेराचे: ती दिसायला कशी आहे, माझ्यापेक्षा हुशार आहे का, तिला कोणत्या नावानं हाक मारायचास. दुसरे शोध घेणारे: तिच्याशी बोलताना तू कोण असायचास, घरी येताना तुला माझ्याबद्दल काय वाटायचं, थांबावंसं कधी वाटलं का, आणि का थांबला नाहीस. पहिल्या प्रकारच्या उत्तरांनी डोक्यात फक्त चित्रं जमा होतात, आणि ती पुढं वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाहीत.

माझं मत इथं थोडं वेगळं आहे. गुप्तहेराचे सगळेच प्रश्न टाकून देता येत नाहीत. किती वेळा भेटलात, पैसे दिलेघेतलेत का, आमच्या मुलीचे फोटो पाठवलेस का, ही माहिती आहे आणि ती मिळण्याचा तिला हक्क आहे. तुलनेचे प्रश्न मात्र खरंच टाकावेत. आपल्या बायकोच्या यादीत एकवीस प्रश्न होते. समुपदेशकासमोर बसून तिनं स्वतः सहा खोडले. खोडलेल्यांतला पहिला होता, ‘ती तुला सुंदर वाटते का?’ याचं कुठलंही उत्तर आपल्याला झोपू देणार नाही, हे तिच्याच लक्षात आलं.

कागद वाचून दाखवायला दोन बैठका गेल्या. त्यात एक नवीन गोष्ट निघाली: तिच्या बहिणीच्या घटस्फोटाबद्दलही तो तिकडे बोलला होता. ते ऐकून ती उठून बाहेर गेली आणि वीस मिनिटांनी परत आली. पण त्यानंतर नवीन हप्ता आला नाही, आणि हेच महत्त्वाचं होतं. एकदाच, पूर्ण, न विचारता सांगितलेलं वाईट सत्य हा पुढच्या विश्वासाचा पहिला दगड असतो. त्याच्यावर बाकी रचता येतं.

तिकडचा संपर्क थांबवणं हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यात बऱ्याच पळवाटा असतात. ‘हळूहळू कमी करतो, एकदम तोडलं तर तिला वाईट वाटेल’ ही पहिली. ‘एकदा भेटून नीट समजावून सांगतो’ ही दुसरी, आणि ती जास्त धोक्याची, कारण निरोपाची भेट ही त्या नात्यातली सर्वांत जवळिकीची भेट ठरू शकते. या दोघांनी चार ओळींचा मेसेज एकत्र बसून लिहिला. आपलं बोलणं मी बायकोपासून लपवलं, ते चूक होतं, मी ते थांबवतोय, कृपया उत्तर देऊ नकोस. त्यात मैत्रिणीवर ठपका नव्हता, ‘बायकोनं सांगितलं म्हणून’ नव्हतं, आणि ‘तुझी आठवण राहील’ हे त्यानं लिहून खोडलं होतं. मेसेज त्यानं तिच्यासमोर पाठवला आणि वर्गाच्या ग्रुपमधून बाहेर पडला. दोघं एकाच ऑफिसात असती तर हे एवढ्यावर भागलं नसतं. तिथं कामाचं बोलणं कामापुरतं, डबा वेगळ्या टेबलावर, आणि आज काय बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी घरी सांगणं, असं ठरवावं लागतं. नोकरी बदलण्यापर्यंतही गोष्ट जाते.

या टप्प्यावर फारसं कोणी न बोलणारी एक गोष्ट असते. नवऱ्याला त्या मैत्रिणीची आठवण येते. सकाळी साडेसातची गाडी पकडताना हात आपोआप फोनकडे जातो. आठ महिन्यांची सवय आणि एक खरा जिव्हाळा तुटलेला असतो, त्याचा शोक त्याला होतो, आणि ज्या एका माणसाजवळ रडायची त्याला आता सवय करायची आहे तिच्याजवळच हे रडता येत नाही. तो गप्प होतो. बायकोला ती गप्पी कळते आणि ती समजते, अजून चालूच आहे. म्हणून हा शोक समुपदेशकाजवळ एकट्यानं मोकळा करायची जागा लागते. बायकोला तपशील नकोत. एवढं एक वाक्य मात्र हवं: ‘मला अवघड जातंय, पण मी तिकडे बोललेलो नाही.’ पहिल्यांदा हे ऐकताना ती चिडली. काही आठवड्यांनी तिनंच सांगितलं की त्या वाक्यानं गप्पीपेक्षा बरं वाटतं.

मग फोनचा प्रश्न. पासवर्ड द्यावा का, यावर घरोघरी भांडणं होतात. त्यानं आपणहून दिला, तिनं मागण्याआधी, आणि हा फरक मोठा आहे. पहिले तीन महिने तिनं रोज रात्री दहा मिनिटं फोन पाहायचा, त्याच्यासमोर, असं ठरलं. बाथरूममध्ये लपून नाही, मध्यरात्री नाही. नंतर आठवड्यातून एकदा. मुदत आधीच ठरवलेली बरी, कारण फोन तपासण्याला आपला आपण शेवट नसतो. फोनमध्ये काही सापडलं नाही याचा अर्थ काही नाही, असा होत नाही. दुसरं सिम असेल, दुसरं अ‍ॅप असेल. तपासून फार तर आजची रात्र शांत जाते. विश्वास ज्यातून येतो ती गोष्ट वेगळी आहे: तिला कळण्याची काही शक्यता नव्हती, तरी त्यानं सांगितलं.

असा प्रसंग पाचव्या महिन्यात आला. कोल्हापूरला वर्गमित्राच्या बहिणीच्या लग्नात तो एकटा गेला होता आणि मैत्रीण तिथं होती. तिनं हात केला, यानं मान हलवली, जेवणाच्या पंगतीत लांबची जागा धरली. मग मांडवाबाहेर येऊन बायकोला फोन केला: ‘ती इथं आहे. नुसती मान हलवली. चारच्या गाडीनं निघतोय.’ बायको त्यावर दोन दिवस नीट बोलली नाही. त्याला वाटलं, सांगून चूक केली. वरवर पाहता तसंच दिसत होतं. पण पुढच्या बैठकीत फोनची रात्रीची तपासणी बंद करूया असं तिनंच म्हटलं, आणि कारण विचारल्यावर कोल्हापूरचा फोन सांगितला.

हे सगळं चाललेलं असताना ‘असं का झालं?’ हा प्रश्न दारात उभाच असतो. नातेवाईक तो पहिल्याच दिवशी विचारतात, आणि बहुधा बायकोला: ‘तुझं लक्ष नव्हतं का घराकडे?’ क्रिस्टिना गॉर्डन, डोनाल्ड बाउकम आणि डग्लस स्नायडर या अमेरिकन संशोधकांनी अशा जोडप्यांसाठी तीन टप्प्यांची पद्धत बसवली. त्यांचं सामान्य वाचकांसाठीचं पुस्तक 2007 साली निघालं. त्यांच्या मांडणीत आधी धक्का सावरायचा, मग अर्थ लावायचा, मग पुढं कसं जायचं ते ठरवायचं. पहिला टप्पा ओलांडून ‘का’वर उडी मारली, तर समजावून सांगणं हे समर्थनासारखं ऐकू येतं. जखमेचं रक्त वाहत असताना ‘आपल्यात संवादच उरला नव्हता’ हे वाक्य खरं असलं तरी आरोप ठरतं.

चार महिन्यांनी ते वाक्य या घरात बोलता आलं. दोघांनी एका आठवड्याचे आपसातले मेसेज काढून पाहिले. दूध, क्लासची फी, लाइट बिल, ‘निघालास का?’, ‘कोथिंबीर आण’. वडिलांच्या आजारानं तो घाबरला होता, पण घरी तो कर्ता मुलगा होता. डॉक्टर, मेडिक्लेम, साताऱ्याच्या फेऱ्या, सगळं त्याच्यावर. तिकडे वर्गातल्या मुलीशी बोलताना तो दहावीतला मुलगा असायचा. तिथं कोथिंबीर नव्हती. हे ऐकून बायकोनं जे म्हटलं ते मला या साऱ्या प्रकारातलं सर्वांत नेमकं वाटतं. ‘थकले तर मीही होते. माझ्याशीही कोणी कोथिंबिरीशिवाय बोलत नव्हतं. मी नाही कोणाशी चॅट सुरू केलं.’ संसार कोरडा पडला, याचे वाटेकरी दोघं. त्यावर लपवण्याचा उपाय निवडला, तो एकट्यानं. हे दोन हिशेब वेगळ्या पानांवर राहिले की बोलणं पुढं जातं. एकाच पानावर आले की पुन्हा पहिल्या रात्रीचं भांडण सुरू होतं.

काळ किती लागतो? समुपदेशक दीड-दोन वर्षांची भाषा करतात, आणि तो काळ सरळ रेषेत जात नाही. मार्च महिना आला, साताऱ्याचं नाव निघालं, त्याच्या फोनची टिंग ऐकू आली, की ती पुन्हा त्या रविवारी पोचते. ‘किती दिवस तेच तेच?’ असं त्यानं त्या वेळी म्हटलं की आधीच्या महिन्यांतलं बरंच काही वाया जातं. त्याला ते हळूहळू कळलं, दोनदा म्हणून झाल्यावर. आता तो विचारतो, ‘काय आठवलं?’ आणि ऐकतो. दर वेळी नवीन काही सांगायचं नसतं, पण त्याच माफीला दर वेळी नव्यानं उभं राहावं लागतं.

कुठं हे सगळं थांबवावं, तेही सांगायला हवं. संपर्क चोरून चालूच असेल, तर दुरुस्ती चालू नाही, नुसता वेळ जातोय. ज्याला दुखावलं गेलंय तोच जर मुदतीनंतरही लोकेशन, बँकेचे मेसेज, मित्रांचे फोन यांवर पहारा ठेवू लागला, जोडीदाराचं नोकरीवर जाणं, माहेरी बोलणं बंद करू लागला, हात उगारू लागला, तर ते दुःख राहिलेलं नाही, तो जाच आहे, आणि त्याची दाद वेगळीकडे मागायची. आणि काही जण सगळी पथ्यं पाळूनही वर्षभरानं ठरवतात की नको. तेही एक प्रामाणिक उत्तर असतं.

या दोघांचं तसं झालेलं नाही, निदान अजून. सासऱ्यांची उपचारांनंतरची तपासणी होती. तो दुपारी रुग्णालयात रिपोर्ट घ्यायला गेला. ती शाळेत शिकवते; तास चालू असताना फोन कपाटात. सुट्टी झाल्यावर तिनं पाहिलं, तीन मिस्ड कॉल होते, पहिला सव्वातीनचा. आता चार वाजायला आले होते. तिनं उलट फोन लावला. त्यानं सांगितलं की रिपोर्ट चांगला आहे, गाठ आटली आहे, डॉक्टर समाधानी आहेत. ती क्षणभर काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, ‘अजून कोणाकोणाला सांगितलंस?’

‘कोणालाच नाही. बाबांनासुद्धा नाही. तू उचलेपर्यंत इथंच बाकावर बसलोय.’

‘बरं,’ ती म्हणाली, ‘मग आता बाबांना सांग.’